काका निघण्याआधीचे नऊ दिवस

इंदूरच्या सियागंजातल्या एका ठोक व्यापाराच्या पेढीत मी आयटी सांभाळायला रुजू झाले, तेव्हा माझ्या आधीच्या ॲडमिनचे कामाचे नऊच दिवस उरले होते. मधे रंगपंचमीची सुट्टी, म्हणजे खरे आठच. पेढीत सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. पेढीतली बोली हिंदी, पण आम्ही दोघंच असलो की मराठी सुरू व्हायची. ते मुलाकडे पुण्याला कायमचे जाणार होते.

पहिल्याच दिवशी, कोपऱ्यावरून आणलेले पोहे संपायच्या आत, त्यांनी चार पानांची यादी माझ्यासमोर ठेवली. एकतीस यंत्रं, त्यातले बारा लॅपटॉप. प्रत्येक ओळीत यंत्र कोणाकडे आहे, बायोसचा पासवर्ड, डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी-की आणि शेवटी ‘शेरा’. शेऱ्याच्या रकान्यात ‘सेटिंग लॉक’ एवढंच, बावीस ठिकाणी.

"बघ बेटा, सगळं आहे यात. खाली सही कर, एक प्रत सेठजींना देऊ."

मी सही केली नाही. आधीच्या नोकरीत अशाच एका यादीवर न तपासता सही केली होती. पाच महिन्यांनी एका लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला, निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली गेली, आणि यादीतली की लागली नाही. ज्या चिपमुळे डिस्क रोज आपोआप उघडत होती, ती टीपीएम चिप जुन्या बोर्डासोबत गेली होती. बिटलॉकरला मागचं दार नाही. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं, आणि एका माणसाचं तीन वर्षांचं काम गेलं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून काकांना म्हटलं, "काका, राग मानू नका, पण तुम्ही इथे आहात तोवर मला एकेक ओळ यंत्रावर लावून बघायची आहे."

ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चल, एक नंबरपासून."

सुरुवात रिकव्हरी-कीपासून केली, कारण तिथे चूक निघाली तर ती दुरुस्त करायला यंत्र सुरू असावं लागतं. यंत्र चालू आहे, विंडोज उघडलेलं आहे, तोवर खरी की यंत्र स्वतःच दाखवतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा आणि एक ओळ लिहायची:

```
manage-bde -protectors -get C:
```

खाली Numerical Password या नावाखाली दोन गोष्टी येतात. एक ID, म्हणजे कंसात लिहिलेली लांबलचक ओळख, आणि तिच्याखाली Password, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. आपण ज्याला रिकव्हरी-की म्हणतो ते हे आठ गट. लॅपटॉप अडतो तेव्हा निळ्या पडद्यावर की दिसत नाही, अर्थातच, पण ID दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं जुळवूनच कोणती की टाकायची ते कळतं.

काकांच्या यादीत ID चा रकानाच नव्हता. नुसत्या दहा लॅपटॉपांच्या दहा किया, आणि कोणती कोणाची याचा आधार म्हणजे शेजारी लिहिलेलं माणसाचं नाव. पण पेढीत लॅपटॉप हातोहात फिरतात. वसुलीवाल्याचा जुना लॅपटॉप बिलिंगकडे जातो, बिलिंगचा गोदामात. नाव बदलतं, ID बदलत नाही. म्हणून पहिलं काम केलं ते म्हणजे यादीत दोन नवे रकाने घातले: यंत्राच्या पोटावरचा सीरियल नंबर आणि ID ची पहिली आठ अक्षरं.

मग जुळवणी. मी पडद्यावरून वाचायचे, काका कागदावर बोट ठेवून "हां, हां" करायचे. दहापैकी सात जुळल्या. दोन अजिबात जुळेनात, पहिल्या गटापासूनच वेगळ्या. काकांनी कपाळाला हात लावला. त्या दोन्हींवर गेल्या दिवाळीच्या आसपास विंडोज नव्याने टाकलं होतं. बिटलॉकर दर वेळी नव्याने चालू केलं की नवी की बनते, आणि जुनी कागदावर तशीच राहते. यादी चुकीची लिहिलेली नव्हती, लिहिली त्या दिवशी ती खरीच होती.

तिसरी न जुळलेली की मात्र वेगळी होती. सात गट बरोबर, एका गटात एक आकडा वेगळा. कागदावर 482377, पडद्यावर 482317. काकांनी कधीतरी ती हाताने उतरवून मग टंकली होती, आणि त्यांचा एक हा सातासारखा दिसतो. अशी चूक यंत्र समोर नसतानाही पकडता येते. रिकव्हरी-कीचा प्रत्येक गट अकराने निःशेष भागला जातो, ती बनवतानाच तशी बनवलेली असते. शाळेतली युक्ती लावायची: आकडे एकाआड एक वजा-अधिक करायचे. 482317 मध्ये चार वजा आठ, अधिक दोन, वजा तीन, अधिक एक, वजा सात, म्हणजे वजा अकरा. गट बरोबर. 482377 चं उत्तर येतं वजा पाच, गट चुकलेला. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हा हिशेब हमखास पकडतो. दोन अख्खे गट आलटून-पालटून लिहिले किंवा कीच दुसऱ्या यंत्राची असली, तर नाही पकडत. तिथे ID च लागतो.

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी लगेच पेन घेतलं आणि यादीतल्या दहाही किया अकराने तपासल्या. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, चार दिवसांनी खुर्ची सोडणार, आणि ऐंशी गट एकेक करून तपासतोय. मला फार बरं वाटलं.

यादीत दोन लॅपटॉपांपुढे ‘बिटलॉकर नाही’ असं होतं. एक खरंच मोकळा होता. दुसऱ्यावर, सेठजींच्या सुनेच्या लॅपटॉपवर, मी सहज विचारलं:

```
manage-bde -status C:
```

उत्तर आलं, Protection On. काका म्हणाले, "मी कधी लावलंच नाही इथे." त्यांनी लावलं नव्हतं, हे खरंच. तो विंडोज होम असलेला लॅपटॉप. पहिल्यांदा सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन होतं, त्या खात्यात की ठेवून विंडोज डिस्क स्वतःच एन्क्रिप्ट करतं, सेटिंगमध्ये ते Device encryption नावाने दिसतं. आणि पहिल्यांदा सुरू केला होता काकांनी, घाईत, स्वतःच्या घरच्या ईमेलने.

म्हणजे पेढीच्या लॅपटॉपची एकुलती एक की पुण्याला निघालेल्या माणसाच्या खाजगी खात्यात होती. काकांनी स्वतःच्या फोनवर account.microsoft.com/devices/recoverykey उघडलं. घरच्या दोन यंत्रांसोबत हे तिसरं तिथे दिसत होतं, ID जुळला. ती की नुसती उतरवून घेऊन भागलं असतं, पण मग ती त्यांच्याही खात्यात राहिली असती, आणि हे ओझं त्यांच्यावर ठेवणं मला पटेना. म्हणून Device encryption बंद केलं, डिस्क पूर्ण उलगडू दिली, पेढीच्या खात्याने साइन-इन करून पुन्हा चालू केलं. दुपारचं जेवण आणि वर एक चहा एवढा वेळ लागला. नवी की पेढीच्या खात्यात आली, तिथून कागदावर. तुमच्या यादीत कुठे ‘एन्क्रिप्शन नाही’ असं लिहिलं असेल, तर ती ओळ आधी तपासा, एवढंच मी सांगेन.

रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघायला राजवाड्याला गेले नाही, घरी रामबागेतच राहिले. डोक्यात बायोसचे पासवर्ड होते.

यादीत सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड लिहिला होता. तो प्रत्येक यंत्रावर बायोस उघडून टाकून बघायचा. कंटाळवाणं काम, पण याला दुसरा मार्ग नाही. एकोणतीस उघडली. एक डेस्कटॉप उघडला नाही, तिथे फिकीर नव्हती. बहुतेक डेस्कटॉपांच्या बोर्डावर पासवर्ड पुसायचा जंपर असतो, तसा त्याच्यावर होता. घोर लागला तो एका जुन्या थिंकपॅडचा. तिथे दोनदा पासवर्ड चुकला आणि मी हात मागे घेतला.

लॅपटॉपवरच्या बायोसचा सुपरवायझर पासवर्ड हा वेगळा प्रकार आहे. बोर्डावरची गोल बॅटरी काढून ठेवली की पासवर्ड जातो, ही समजूत बाजारात पक्की आहे. पण असल्या बिझनेस लॅपटॉपांवर तो वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढून फक्त घड्याळ बिघडतं. थिंकपॅडबद्दल तर बनवणारी कंपनीच सांगते की सुपरवायझर पासवर्ड विसरला तर सिस्टम बोर्ड बदलावा लागतो. विंडोज चालू राहतं, काम चालू राहतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही. पेनड्राइव्हवरून बूट करायची वेळ येते तेव्हाच कळतं.

काकांनी खणातून दोन जुन्या डायऱ्या काढल्या. सध्याचा पासवर्ड तिसऱ्या पिढीचा होता. मधे एकदा सगळ्या यंत्रांचे बदलले, तेव्हा हा लॅपटॉप उज्जैनच्या फिरतीवर असणार. पहिल्या डायरीत एक शब्द सापडला. त्यात एक अक्षर शून्य की इंग्रजी ओ, हे काकांनाही सांगता येईना. आधी शून्य टाकलं, नाही. यंत्र पूर्ण बंद केलं, परत सुरू केलं, ओ टाकला. उघडलं. त्या दिवशी ठरवलं की नव्या पासवर्डांत शून्य, ओ, एक आणि छोटा एल यांतलं काहीही येणार नाही, आणि यादी हाताने लिहायची नाही. ज्या टाइपात शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते, तोच वापरून छापायची.

मग आम्ही शेऱ्याच्या रकान्याकडे वळलो, आणि खरा खजिना तिथे निघाला. ‘सेटिंग लॉक’ म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक यंत्रापुढे बसून मी विचारत गेले. पेनड्राइव्हवरून बूट बंद, बूटचा क्रम लॉक, हे बहुतेक ठिकाणी एकसारखं. पण तीन यंत्रांवरचं उत्तर फक्त काकांच्या डोक्यात होतं.

गोदामातल्या वजनकाट्याचा डेस्कटॉप लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीने, बूट होतो, Secure Boot बंद. कोणीही नवा माणूस, मीसुद्धा, बघताक्षणी म्हणेल की हे सुधारलं पाहिजे. पण त्याची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. बूट नव्या यूईएफआय पद्धतीवर केलं की यंत्राला विंडोज सापडणारच नाही, आणि सकाळी ट्रक काट्यावर उभे राहतील. दुसरा, हिशेबाचा डेस्कटॉप: डिस्कचा मोड RAID वर आहे, डिस्क एकच असूनही. विंडोज त्याच मोडमध्ये टाकलेलं आहे, म्हणून AHCI केलं की निळा पडदा येतो, INACCESSIBLE_BOOT_DEVICE. मोड परत RAID केला की काही न गमावता सुरू होतं, पण हे माहीत नसलेला माणूस डिस्क मेली असं समजून ती पुसून बसतो. काकांच्या सुट्टीत एका बाहेरच्या मेकॅनिकने अगदी हेच करायला घेतलं होतं, सुदैवाने विचारायला फोन केला. तिसरं, टॅलीचा डेटा असलेलं यंत्र: After Power Loss पुढे Power On. रात्री वीज जाऊन आली की ते आपोआप उठतं आणि सकाळी सगळ्यांना डेटा मिळतो.

"हे लिहिलं का नाही काका?"

"अगं, मला माहीतच होतं ना."

शेऱ्याचा रकाना आम्ही काढून टाकला. त्याजागी दोन केले: काय ठेवलं आहे, आणि का.

शेवटून दुसऱ्या दिवशी एका लॅपटॉपवर रंगीत तालीम केली. किया जुळल्या हे कागदावर ठीक होतं, पण की टाकून डिस्क उघडताना मला बघायची होती.

```
manage-bde -forcerecovery C:
```

हिच्याबद्दल एक सावधगिरी. ही कमांड टीपीएमशी जोडलेलं कुलूप काढूनच टाकते. म्हणजे की हातात नसताना ती दिली, तर आपणच आपल्याला बाहेर कोंडलं. मी सगळ्या डेटाची प्रत घेतली, यादी समोर ठेवली, मग यंत्र पुन्हा सुरू केलं. निळा पडदा आला, ID ची आठ अक्षरं जुळली. काकांनी वाचलं, मी टाकलं. तिथे कीबोर्डावरच्या वरच्या F1 ते F10 नेही आकडे टाकता येतात, F10 म्हणजे शून्य. आकड्यांची एखादी बटणं मेलेल्या लॅपटॉपवर हे फार कामी येतं. विंडोज उघडलं. मग टीपीएम परत जोडला:

```
manage-bde -protectors -add C: -tpm
```

पुन्हा एकदा बंद-चालू करून बघितलं. आता की न मागता सरळ आत गेलं.

याच तालमीत यादीतली सर्वांत मोठी खोच लक्षात आली. यादीची फाइल काकांच्या लॅपटॉपवर होती. तो लॅपटॉप बिटलॉकरने बंद, आणि त्याची की होती त्याच फाइलमध्ये. ते यंत्र अडलं असतं तर यादीतली एकही की कोणाच्या हाती लागली नसती. आम्ही दोन छापील प्रती काढल्या, लिफाफ्यात घालून सील केल्या. एक पेढीच्या तिजोरीत गेली, दुसरी सेठजींच्या बँकेतल्या लॉकरमध्ये. तिजोरी आणि यंत्रं एकाच छताखाली आहेत, म्हणून दुसरी प्रत बाहेर.

मग मी सही केली. काकांनीही केली.

ते गेल्यावर पुढच्या आठवड्यात मी बायोसचे पासवर्ड बदलले. त्यांच्यावर अविश्वास नव्हता, ते स्वतःच सांगून गेले होते की पहिलं काम हे कर. प्रत्येक लॅपटॉपवर बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर एका रीस्टार्टपुरतं थांबवत होते:

```
manage-bde -protectors -disable C: -rc 1
```

तेवढ्या वेळात डिस्कला राखण नसते, म्हणून लॅपटॉप नजरेआड होऊ द्यायचा नाही. शेवटचा 1 म्हणजे एका रीस्टार्टनंतर राखण आपोआप परत येते. तिथे 0 लिहिलं तर कोणी हाताने चालू करेपर्यंत ती बंदच राहते.

अकरा लॅपटॉप झाले. बारावा, गोदामाच्या मॅनेजरचा, पालद्याला होता. तिथे गेले, गडबड होती, बाहेर माल उतरत होता, आणि मी थांबवायची कमांड न देताच बायोसमध्ये शिरले. त्या लॅपटॉपवर Secure Boot बंद राहून गेलं होतं, ते चालू केलं, पासवर्ड बदलला, सेव्ह केलं आणि पेढीवर परतले. अर्ध्या तासात फोन.

"मैडम, नीला-नीला आ गया है, कुछ नंबर माँग रहा है।"

बूटची जी मोजमापं टीपीएमने कुलपाला बांधून ठेवली होती, ती Secure Boot बदलल्यावर जुळेनाशी झाली होती. मी म्हटलं, कुछ मत दबाइए, स्क्रीन पर जो ID लिखा है वो पढ़िए. त्यांनी आठ अक्षरं वाचली. सेठजींना तिजोरी उघडायला लावली, लिफाफा फोडला, नवव्या ओळीवर तीच आठ अक्षरं होती. ही तीच ओळ, जिच्यात सात होता आणि आम्ही एक केला होता.

गट एकेक करून सांगितले, प्रत्येक गट त्यांनी परत वाचून दाखवला. आठवा गट टाकल्यावर थोडा वेळ फोनवर नुसता हमालांचा आवाज येत राहिला.

"खुल गया मैडम।"

त्याच संध्याकाळी परत पालद्याला गेले. बिटलॉकर थांबवून पुन्हा चालू केलं, म्हणजे टीपीएमने नवी मोजमापं धरली आणि पुढच्या बूटला की मागितली गेली नाही. मग फोनवर बोलून झालेली ती की काढून टाकली आणि नवी बनवली:

```
manage-bde -protectors -delete C: -type RecoveryPassword
manage-bde -protectors -add C: -rp
```

नवा ID, नवे आठ गट, आठही अकराने तपासलेले. सीरियल नंबरासह नवव्या ओळीचं पान पुन्हा छापलं, जुनं फाडलं, तारीख टाकून लिफाफा परत सील केला. बँकेतल्या लॉकरची प्रत सोमवारी बदलली.